मिनिटाला एकतीस थेंब

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, तेव्हा आईचा पाय मोडून ती दवाखान्यात पडलेली. मला जेवू घालायची, न्हाऊ घालायची ती शेजारच्या शेडमधली काकू. तिचं-माझं काही नातंगोतं नव्हतं. पुढं नवं गाव वसलं, तिचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या लांब पडलं, तरी तिनं माझ्यासाठी ताटलीत काहीतरी झाकून आणणं कधी सोडलं नाही. हीच काकू बारा-तेरा वर्षांनी नांदेडच्या दवाखान्यात माझ्या वॉर्डात आली. मी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, आणि तिला पाहून मला आनंद व्हायच्या आधी भीती वाटली.

भीतीचं कारण अण्णा. माझे वडील. त्यांनी मला लातूरला क्लासेसना ठेवलं होतं. एका खोलीत आम्ही सहा पोरी, भिंतीभर चिकटवलेली सूत्रं, आणि सगळ्यांचं एकच ध्येय, मेडिकल. पहिल्या वर्षी नंबर लागला नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. मग मी नांदेडला नर्सिंगला आले. अण्णांनी गावात सांगितलं, "पोरगी नांदेडला मेडिकलला हाय." मेडिकलच्या आवारातच आमचं कॉलेज होतं, म्हणून आपण खोटं बोलत नाही असं त्यांना वाटत असावं. मीही गावी गेले की कोणी 'डाक्टरीण' म्हटलं तर खाली बघायची.

काकू लेकीच्या बाळंतपणासाठी नांदेडला आली होती आणि तिथं तिला उलट्या-जुलाब लागले. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. तरी मला पाहिल्याबरोबर ती उठून बसू लागली.

"आगं बाय, तू हितंच हायस व्हय," ती म्हणाली, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगू लागली, "ही आमच्या गावची. डाक्टरीण होऊन राहिली. माझ्या हातानं भरवलेलं पोर हाय."

शेजारची बाई माझ्याकडे आदरानं बघू लागली. माझ्या अंगावर शिकाऊ पोरींचा निळा-पांढरा गणवेश होता. काकूला त्यातला फरक कळण्याचं कारण नव्हतं. मी "काकू, झोपा तुम्ही" एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं होतं: पाचशे मिली सलाईन, चार तासांत. वॉर्डच्या सिस्टरनं सुई लावून नळी जोडली होती, पण थेंब कमी-जास्त करायची नळीवरची चकती बंदच ठेवली होती. मिनिटाला किती थेंब सोडायचे ते मी काढायचं, आमच्या मॅडमनी तपासायचं आणि मगच सलाईन सुरू करायचं, असा आमचा नियम होता. हिशोब माझ्या आवडीचा. पाचशे गुणिले पंधरा, भागिले दोनशे चाळीस मिनिटं. उत्तर एकतीस. लातूरला असंच शिकवलेलं, गणित दिसलं की हात चालला पाहिजे. मी कागदाच्या कोपऱ्यावर लिहिलं, 'मिनिटाला ३१ थेंब', आणि मान वर केली, तर काकू कौतुकानं बघत होती.

"बघा कसं पटापटा लिहिती," ती शेजारणीला म्हणाली.

तेवढ्यात मॅडम आल्या. नांदेडच्या जुन्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुसलमान घरातल्या त्या बाई. आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यांनी केसपेपर वाचला, माझा कागद वाचला आणि विचारलं, "पंधरा कुठून आणलास बेटा?"

"तुम्हीच शिकवलं मॅडम. एका मिलीत पंधरा थेंब."

"ते वर्गातल्या नळीच्या सेटचे. या सेटचे किती?"

मला कळेना. त्यांनी टेबलावर पडलेलं नळीचं रिकामं पाकीट उचलून माझ्या हातात दिलं. त्यावर छापलं होतं, वीस थेंब म्हणजे एक मिली. प्रत्येक पाकिटावर छापलेलं असतं. मी ते फोडणाऱ्या सिस्टरच्या शेजारी उभी होते, आणि वाचलं नव्हतं.

"आता उलटं कर," मॅडम म्हणाल्या. "तुझे एकतीस थेंब सोडले, तर चार तासांत बाईच्या अंगात किती जाईल?"

एकतीस गुणिले दोनशे चाळीस. सात हजार चारशे चाळीस थेंब. भागिले वीस. "तीनशे बहात्तर मिली."

"डॉक्टरांनी पाचशे सांगितलंय. बाकीचं बाटलीत राहिलं. तिचं पाणी आधीच गेलेलं आहे." मग त्या काकूकडे वळून म्हणाल्या, "घाबरू नका मावशी. अजून सुरू केलेलं नाही. ही आमची नर्सिंगची पोरगी आहे, पहिल्या वर्षाची. शिकून राहिली. म्हणून आम्ही तपासतो."

त्यांनी ते काकूला धीर देण्यासाठी म्हटलं. त्यांना बाकीचं काही माहीत नव्हतं.

शेजारच्या बाईनं माझ्याकडून नजर काढून काकूकडे नेली. त्या नजरेत प्रश्न होता, आणि तो काकूलाच विचारल्यासारखा होता. माझं खोटं तिच्या तोंडून गेलं होतं, आणि खोटी ती ठरत होती.

मी पुन्हा हिशोब केला. पाचशे गुणिले वीस, भागिले दोनशे चाळीस. साडेएक्केचाळीसच्या थोडं वर, म्हणजे बेचाळीस. मॅडमनी तोही उलटा करायला लावला. पाचशेच्या जवळ आला, तेव्हा त्यांनी मान हलवली. मी चकती हळूहळू सैल केली. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून थेंब मोजायला लागले. कान इतके तापले होते की दोनदा मोजणी चुकली. तिसऱ्यांदा पूर्ण मिनिटात बेचाळीस आले. मॅडमनी स्वतः एकदा मोजले आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

काकूनं सुई नसलेला हात माझ्याकडे केला. मी जवळ गेले.

"म्या गावात काय बोलत न्हाई," ती हळूच म्हणाली. "तुझ्या बापाला लाज यायला नगं."

रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिच्या उशाची चादर नीट करत राहिले, कारण तिच्याकडे बघता येत नव्हतं. दुपारपर्यंत दर थोड्या वेळानं येऊन थेंब मोजत होते. हात हलला की वेग बदलायचा, तो पुन्हा बेचाळीसवर आणायचा. सलाईन वेळेत संपलं. तिला लघवी झाली, तोंडाला ओल आली. दुसऱ्या दिवशी तिचा जावई तिला रिक्षातून घेऊन गेला.

दिवाळीला मी घरी गेले. काकूनं शब्द पाळला होता. गावात मी अजून डाक्टरीणच होते. शेजारचे आजोबा रक्ताचा रिपोर्ट घेऊन ओट्यावर आले. "डाक्टरीणबाई, बघ बरं काय लिवलंय." अण्णा खाटेवर बसले होते.

"आजोबा, मी नर्सिंग करते," मी म्हणाले. "रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा."

आजोबांनी एकदा अण्णांकडे पाहिलं, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि "बरं बरं" म्हणत निघून गेले. अण्णा उठून गोठ्याकडे गेले.

सुट्टी संपल्यावर ते मला लातूरजवळच्या मुरुडच्या स्टँडवर सोडायला आले. त्यांच्या ओळखीचा एक आडत दुकानदार भेटला. त्यानं विचारलं, पोरगी काय करती. अण्णांनी आधी एसटी आली का ते पाहिलं, माझी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"नर्स होऊन राहिली," ते म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की दुकानदारानं पुन्हा विचारलं. अण्णांनी तेच पुन्हा सांगितलं, पण ते तेवढ्याच बारीक आवाजात. गाडी लागली. मी खिडकीतून त्यांना हात केला, पण त्यांनी मान वर केली नाही.