चार इंची तुकड्यासकट निघालेली कडी

नंदू परबने आयुष्यात एकाच माणसावर हात उचलला, आणि तो उचलला तेव्हा त्याच्या हातात पहार होती. सौरभच्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभी राहून ऐकला. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

मी मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी, आणि नंदू आमचा सगळी कामं करणारा माणूस. मूळचा कणकवलीकडचा, राहायला भांडुपला. वडील गिरणीत होते, संप झाला आणि ते घरी बसले. घरी बसलेला बाप दारू पिऊन आईला पट्ट्याने मारायचा, हे नंदूने मला एकदा टाकी धुताधुता सांगितलं होतं. "मी मधी पडायचंय, मग पट्टे माका पडायचे," असं म्हणून तो हसला होता. तेवीस वर्षांत त्याने कुणाला शिवी दिलेली मी ऐकली नाही. नळ, पंप, दिवे, तुटलेल्या फरशा, कबुतरांची घाण, सगळं त्याच्याकडे.

तक्रारी येतात त्याच्या मोबाइलवर. लोक फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, "प्लीज डू द नीडफुल." काय नीडफुल, ते लिहायला बोटं झिजतात यांची! सुरुवातीला नंदू प्रत्येक वेळी मला विचारायला यायचा. फोटोत नळही गळतोय आणि भिंतही ओली आहे, यातलं काय करू? एक दिवस मी वैतागले.

"अरे, फोटोत जे जे बिघडलेलं दिसतंय ते सगळं करून टाक ना! माझं डोकं खाऊ नकोस. झालं की फोटो काढून पाठवायचा, संपलं."

त्याने तो नियम देवाचा शब्द असल्यासारखा पाळला.

तिसऱ्या मजल्यावर श्वेता आणि सौरभ राहायचे. लग्नाआधी श्वेता एका विमा कंपनीत होती, नंतर त्याने नोकरी सोडायला लावली. तो तिला मारायचा. हे मला ठाऊक होतं, माझ्या शेजारच्यांना ठाऊक होतं, खालच्या मजल्यालाही ठाऊक होतं. भांडी पडल्याचे आवाज यायचे, ती घशातल्या घशात ओरडायची, आणि आम्ही टीव्ही मोठा करायचो. बाहेर जाताना तो दाराला बाहेरून कडी घालून कुलूप लावायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "तिला चक्कर येते, बाहेर पडली तर पंचाईत."

एका गुरुवारी श्वेताने नंदूला फोटो पाठवला. दारासमोरच्या पॅसेजचा. वर बंद पडलेली ट्यूबलाइट, बाजूला पोपडे आलेली भिंत, लोंबणारी वायर, शेजाऱ्यांचं चपलांचं कपाट आणि श्वेताचं स्वतःचं दार. खाली तेच, प्लीज डू द नीडफुल.

नंदू दुपारी दीड वाजता शिडी घेऊन गेला. सौरभ त्या दिवशी घरीच होता, बाहेर कुलूप नव्हतं, आणि श्वेता दाराबाहेर आली नाही. ट्यूब बदलली, वायर पट्टीत बसवली, पोपडे खरवडून पुट्टी भरली, कपाट सरकवलं. मग त्याचं लक्ष कडीकडे गेलं. चारही स्क्रू अर्धे बाहेर आले होते. बाईमाणूस घरात एकटं असतं, दार धड नको का, असा विचार त्याने केला. जुने स्क्रू काढले, भोकांत लाकडाच्या चिपा आणि फेव्हिकॉल ठोकला, आणि दोन इंची नवे स्क्रू पिळून बसवले. हात दुखेपर्यंत पिळले. फोटो पाठवला.

रविवारी दुपारी चार वाजता सौरभने तिला पोळपाटाने मारलं. का, ते महत्त्वाचं नाही, भाजीत मीठ होतं की नव्हतं असलं काहीतरी. मारून झाल्यावर त्याने कुलूप लावलं आणि सिगारेट आणायला खाली उतरला. तो फाटकाबाहेर गेल्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर दार हादरायला लागलं. आतून कुणीतरी अंगातलं सगळं बळ लावून ते ओढत होतं. धाड, धाड, धाड. आणि मग श्वेता ओरडली. या वेळी घशातल्या घशात नाही.

नंदू पंपाच्या खोलीतून पहार घेऊन धावत आला. मीही बाहेर पडले. त्याने पहारेचं टोक कडीखाली घातलं आणि जोर लावला. कडी हलेना. परत लावला, पहार निसटून त्याची बोटं सोलली. दाराखालून रक्ताचा ओघळ आला होता.

"हलत नाय ओ नीलाताई! मीच घट केलंय ह्यां, मीच!"

तेवढ्यात सौरभ जिन्यात आला. त्याने नंदूला मागून कॉलरला धरून भिंतीवर आपटलं. नंदूचं कपाळ फुटलं. सौरभने त्याच्या पोटात दोन लाथा घातल्या, तिसरीसाठी पाय उचलला, मग पहार हिसकावायला वाकला. नंदूने खाली पडल्यापडल्याच ती फिरवली.

ते हाड मोडलं तेव्हा सौरभ लहान मुलासारखा किंचाळला. मी त्याच्या आणि जिन्याच्या मध्ये उभी राहिले, एकशे बारा नंबर लावला आणि आयुष्यात न दिलेल्या शिव्या त्याला दिल्या. नंदू एका डोळ्यातलं रक्त पुसत दाराला भिडला. सहाव्या की सातव्या हिसक्याला कडी निघाली, चार इंची लाकडाच्या तुकड्यासकट. त्याचे ते स्क्रू शेवटपर्यंत सुटले नाहीत, लाकूडच फाटलं.

श्वेता दारात बसली होती. जबडा वाकडा झालेला, डावा कान रक्ताने भरलेला, दहाही बोटांची नखं उलटलेली. तिने तो तुकडा बघितला. बोलायला जमत नव्हतं, तरी ती बोलली.

"दादा... सैल मी केले होते. चमच्याने. पंधरा दिवस लागले."

नंदूने हातातली पहार खाली ठेवली.

दार उघडं मिळायचं ते फक्त दूधवाला आला की, आणि तेवढ्यातच ती एकेक स्क्रू फिरवायची. पण चमच्याने अर्ध्याच्या पुढे ते येईनात, म्हणून तिने नंदूला फोटो पाठवला. "कडी काढा" असं लिहिता येत नव्हतं, सौरभ रोज तिचा मोबाइल तपासायचा. सौरभला त्या फोटोत फक्त बंद ट्यूबलाइट दिसली.

पोलीस ठाण्यात नंदूच्या मोबाइलवर तो फोटो मी पहिल्यांदा नीट बघितला. ट्यूबलाइट वरच्या कडेला अर्धी कापली गेली होती. ती बंद पडून तीन महिने झाले होते आणि त्या तीन महिन्यांत श्वेताने एकदाही तक्रार केली नव्हती. फोटोच्या बरोबर मधोमध, जवळून, वाकून काढलेली, कडी होती. नंदूला ती दिसली होती. ती कुणाला कशासाठी हवी किंवा नको आहे, एवढंच विचारायचं राहिलं. विचारू नकोस असं त्याला मी सांगितलं होतं.

सौरभवर खटला चालू आहे. नंदूवरही पहारेची तक्रार आहे, जामीन मी राहिले. श्वेता बोरिवलीला बहिणीकडे असते, त्या कानाने तिला आता ऐकू येत नाही.

आता नंदू कुणाचाही फोटो आला की आधी बेल वाजवतो. "तुमका नेमका काय व्हया?" असं विचारून उत्तर मिळेपर्यंत दारात उभा राहतो. लोक माझ्याकडे तक्रार करतात की माणूस म्हातारा झाला, साधी गोष्ट कळत नाही. मी त्यांना घरी पाठवते.

पोलिसांनी त्या दिवशी मोबाइल माझ्याकडून परत घेण्याआधी मी बोटाने थोडं खाली सरकवलं होतं. नंदूचा घट्ट बसवलेल्या कडीचा फोटो, त्याखाली "काम झाले". आणि त्याखाली सहा मिनिटांनी आलेलं, नवरा हे वाचणार हे माहीत असलेल्या श्वेताचं उत्तर. "थँक्यू दादा."