दावं विकत नसतात

आमच्या घरात वस्तू येते, ती जायला येत नाही. आमचे 'हे' वीज कार्यालयातून निवृत्त झाले आणि तिथल्या फायलींची उणीव घरातल्या भंगाराने भरून काढू लागले. माळ्यावर तीन मिक्सर, त्यांतल्या दोनांना भांडी नाहीत. डबडा टीव्ही, सीडीचा प्लेअर, दोन कूलर. विचारलं तर म्हणायचे, "कामात येईल." वीस वर्षं कुणाच्या कामात आलं नाही, पण आशा अमर असते म्हणे.

यातून सुटका झाली ती आत्याबाईंमुळे, म्हणजे माझ्या सासूबाईंमुळे. ऐंशीच्या पुढचं वय, कान पार गेलेले. डॉक्टरांनी कानाचं मशीन सांगितलं. आत्याबाई हटून बसल्या. म्हणाल्या, आता मेले काय नि मग मेले काय, माझ्या कानासाठी पेन्शनचा पैसा नको. शेवटी अट घातली, "घरमातलं भंगार इका. जे ई, त्यान्हाच मशीन लई या." म्हणजे भंगाराचे जे येतील त्यातूनच मशीन, नाहीतर मशीन नाही. झालं! धानोऱ्याच्या आमच्या ओसरीत दुकान उघडलं आणि दुकानदारीण मी.

मुलगा पुण्यात. त्याने फोनवरून विक्रीचं अ‍ॅप शिकवलं. फोटो उजेडात काढ, धूळ पूस, खोट असेल ती लिहून टाक, भाव जरा चढा ठेव कारण घासाघीस होणारच. ह्यांनी डबड्या टीव्हीचा भाव असा सांगितला की जणू त्यात अजून जुन्या मालिका भरलेल्या आहेत. महिना झाला, कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी भंगारवाल्याने तो किलोवर नेला. कूलर मात्र चैत्र लागताच दोन दिवसांत दोन्ही गेले. तेच पौषात टाकले असते तर धूळ खात पडले असते. स्टीलची भांडी कुणी घेईना, कारण सगळ्यांवर आमच्या लग्नाची तारीख नि माहेरची नावं कोरलेली. दुसऱ्याच्या मामाने दिलेल्या ताटात कोण जेवणार? आणि जो मी फेकणार होते तो पितळी बंब, त्यासाठी सुरतेकडची एक बाई गाडी घेऊन आली आणि भाव न करता घेऊन गेली! ह्यांनी त्या दिवशी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू बंब मीच चोरून विकला.

आत्याबाईंचं एक वेगळंच. आयुष्य गोठ्यात गेलं. ढोर विकलं तरी दावं, म्हणजे त्याच्या गळ्यातला दोर, विकायचं नाही, दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते, हा त्यांचा कायदा. तोच त्यांनी कूलरला लावला. पहिल्या कूलरची पाण्याची नळी काढून ठेवली. सीडी प्लेअरचा रिमोट कनवटीला. प्लेअर घेऊन गेलेलं गिऱ्हाईक परत आलं, तोंडाला येईल ते बोललं, आत्याबाईंना ऐकू आलं नाही. मी हात जोडले. "अहो आत्याबाई, हे काय म्हशीचं दावं आहे का?" त्या हसून म्हणाल्या, "ढोर इकतस, दावं नही इकतस." त्या रिमोटवरून मी त्यांना आठवडाभर टोमणे मारले. ऐकू येत नाही याचा एवढाच काय तो फायदा.

आता मोठा माल उरला होता, मुलाचा कॉलेजातला लॅपटॉप. त्यातले फोटो नि खाती त्याने पुसून दिली होती. बॅटरी मेलेली, चार्जर लावला तरच चालतो, हे मी जाहिरातीत लिहिलं. मशीनची जवळजवळ अर्धी किंमत यातूनच निघणार होती.

पहिला फोन एका 'फौजी'चा. सीमेवर आहे, भाव मंजूर, माणूस पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील. मुलाने पढवून ठेवलं होतं, पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. मी म्हटलं, "दादा, देशाची सेवा करा, माझ्या खात्याची नको." फोन कट. मग काय, गल्लीत मी जिला तिला हेच सांगत सुटले. ह्यांनाही दोनदा ऐकवलं. आपण किती हुशार, याची मला भारी खात्री पटली होती.

आणि शनिवारी दुपारी तो आला. नीटनेटका शर्ट, पायांत बूट. अक्कलकुव्याहून आलोय म्हणाला. आल्या आल्या मला "मावशी", ह्यांना "काका", आत्याबाईंच्या पाया पडला. बहिणीच्या नर्सिंगच्या अभ्यासाला लॅपटॉप हवा म्हणाला. सांगताना डोळे ओले. मला बाई भरून आलं. हे तर म्हणाले, "पाचशे कमी घे." आयुष्यात कधी भाजीवाल्याला न सोडलेला माणूस! त्याने फोन काढला, माझा नंबर टाकला, टिंग वाजलं, हिरवी खूण झाली. पडदा माझ्यापुढे धरला. नाव माझं, रक्कम बरोबर. मी लॅपटॉप पिशवीत घालून त्याच्या हातात दिला.

"मावशी, चार्जर?"

चार्जर आत्याबाईंच्या मांडीखाली. सुतळीने गच्च बांधून त्यावर त्या बसलेल्या.

"आजी, पैसे दिले. हे बघा." त्याने फोन त्यांच्या नाकापुढे नेला. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. "काय म्हनस तो?" त्यांनी मला विचारलं. तो त्यांच्या कानाशी ओरडला. पुन्हा, "काय म्हनस?" असं चारदा झालं. त्याला घाम फुटला. दवाखान्यात पेशंट आहे, उशीर होतोय म्हणाला. मघाशी तर बहीण नर्सिंगला होती!

पैसे आले का, एवढंच आत्याबाईंनी विचारलं, "पैसा उना का?"

तेवढ्या वेळात करायला काही नव्हतं म्हणून, खरं सांगते, फक्त म्हणूनच, मी माझ्या फोनवर शिल्लक पाहिली. सकाळी होती तेवढीच. बँकेचा मेसेज नाही. मी त्याच्याच फोनच्या पडद्यावर विश्वास ठेवून मोकळी झाले होते.

"सर्व्हर डाउन आहे, मावशी. दोन तासांत येतील."

"मग दोन तासांनी ये. लॅपटॉपला काही चारा घालावा लागत नाही." मी पिशवी ओढून घेतली. ह्यांनी फाटक लावायला पाऊल टाकलं, तसा तो मोटारसायकलवर बसला आणि पेशंट, बहीण सगळं टाकून पळाला.

मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त, आठवडाभर मारलेले टोमणे आठवले.

पुढच्या आठवड्यात मोलगीकडचे एक शिक्षक जोडप्याने आले. लॅपटॉप तासभर चालवून पाहिला, पैसे पाठवले. मेसेज आला, शिल्लक वाढली, मी दोनदा पाहिली. आत्याबाईंनी चार्जर दिला. वरची सुतळी सोडवून ठेवून घेतली.

मशीन नंदुरबारहून आलं. कानात बसवलं तेव्हा आत्याबाई चिमण्यांच्या आवाजाने दचकल्या आणि रडल्या. मग मला शेजारी बसवून म्हणाल्या, त्या दिवशी तो काय बोलला, सगळं सांग. मी त्याच सुरात सांगितलं, मावशी, काका, बहीण, नर्सिंग.

आत्याबाईंनी कानातलं मशीन चाचपलं. मग म्हणाल्या, "इतलं गोड बोलना? मंग माले ऐकू येतं तर मीबी चार्जर दी टाकती."

माळा अजून रिकामा झालेला नाही, गिऱ्हाईकं येतात. फाटकाशी मोटारसायकल थांबली की मी हाताने खूण करते. आत्याबाई कानातलं मशीन काढतात, डबीत ठेवतात, आणि मग दाव्यावर बसतात.