ब्याऐंशी लाखांची उलाढाल

कर्जाच्या फॉर्मवर 'वार्षिक उलाढाल' असा एक रकाना असतो. त्यात मी ब्याऐंशी लाख लिहिले. कुणी सांगितलं नव्हतं. बँकेच्या ॲपवर 'एकूण जमा' असा आकडा येतो, तो बघून लिहिले, आणि लिहिताना छाती फुगली हेही कबूल करतो. चार वर्षांपूर्वी भाड्याच्या गाळ्यात पत्रा कापायला बसलेला माणूस मी. ब्याऐंशी म्हणजे शंभराला अठराच कमी!

माझा गाळा मानपाड्याला, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला. वीज पॅनेलचे पत्र्याचे डबे बनवतो. पत्रा कापणं, भोकं पाडणं, वेल्डिंग, सगळं माझ्याकडे. फक्त पत्रा वाकवायचं मशीन नाही, त्यामुळे कापलेला माल टेम्पोत घालून दुसऱ्याकडे वाकवायला पाठवायचा आणि परत आणायचा. एका पॅनेलवाल्या कंपनीने सांगितलेलं, स्वतःचं बेंडिंग मशीन लावा, वर्षाची ऑर्डर देतो. मशीनवाल्याचं कोटेशन महिनाअखेरपर्यंत चालणार होतं. मला अठरा लाख कर्ज हवं होतं आणि हातात तीन आठवडे होते.

अर्ज दिल्याच्या पाचव्या दिवशी ठाण्याच्या शाखेतून फोन आला. कर्ज बघणाऱ्या मॅडम. वयाने माझ्या भाचीएवढ्या, पण आवाजात घाई नाही, आणि घाई नसलेल्या माणसाची मला भीती वाटते.

"सर, तुमच्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये विक्री बावन्न लाख आहे."

"हो."

"जीएसटी रिटर्नमध्येही बावन्न."

"हो, सीए भरतात ना. बरोबरच असणार."

"आणि करंट अकाउंटला जमा ब्याऐंशी. फॉर्मवरही तुम्ही उलाढाल ब्याऐंशीच लिहिलीय. मधले तीस लाख कसले?"

मी म्हटलं, "मॅडम, धंदा चांगला चाललाय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "सर, धंदा ब्याऐंशीचा असेल तर तीस लाखांवरचा टॅक्स भरलेला नाही. बावन्नचा असेल तर फॉर्मवर चुकीचं लिहिलंय. दोन्हीपैकी काय धरू?"

दोन्हीपैकी काहीच धरू नका, असं म्हणायचं होतं. म्हटलं, "उद्या सांगतो."

फोन ठेवला आणि मी गाळ्यात येरझाऱ्या घालायला लागलो. वेल्डर म्हणाला, "शेठ, बसा की जरा, ठिणग्या उडतायत." बसलो. उठलो. पॅनेल कंपनीला फोन लावला आणि रिंग जायच्या आत कट केला. मशीनवाल्याला फोन करून विचारलं, कोटेशन आठवडाभर वाढेल का. तो म्हणाला, "पोलादाचे भाव तुमच्यासाठी थांबणार का?" परत येरझाऱ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डोंबिवलीत सीए साहेबांकडे जाऊन बसलो. पासष्टीचे गृहस्थ, शुद्ध बोलणारे, आणि समोरच्याला खुर्चीतून न उठवता लाज आणणारे. त्यांनी स्टेटमेंट छापून घेतलं, पेन्सिल काढली, आणि विचारलं, "आपण हा ब्याऐंशीचा आकडा कुठून काढलात?"

"ॲपवरून."

"जमा झालेला प्रत्येक रुपया म्हणजे विक्री, असं आपल्याला वाटलं?"

मी टेबलावरची टाचणी उचलली आणि वाकवायला लागलो.

"पहिली गोष्ट. रिटर्नमधली विक्री जीएसटी सोडून असते. गिऱ्हाईक पैसे देतं ते जीएसटीसकट. बावन्नावर अठरा टक्के, म्हणजे नऊ लाख छत्तीस हजार. ते सरकारचे, आपल्या हातून जातात एवढंच. येणी गेल्या वर्षअखेरीला जेवढी होती तेवढीच यंदाही आहेत, त्यामुळे तिकडून काही फरक नाही. आता हे काय? बचत खात्यातून दोन लाख. परत गेले. पुन्हा आले."

"पगार अडले की घरचे टाकतो, पार्टीचे आले की परत नेतो."

"वर्षात चार वेळा. तेच दोन लाख, पण ॲपने आठ मोजले. आणि हा चेक, तीन लाखांचा?"

त्या चेकची आठवण नको होती. कल्याणच्या एका पार्टीचा. दोनदा परत आला, तिसऱ्यांदा वटला. दर वेळी आधी जमा दिसला आणि मग नावे पडला. म्हणजे तीन लाखांचे ॲपने नऊ केले होते. वटला नव्हता तेव्हा मी त्या पार्टीच्या दारात उभा राहून बोंब मारलेली, आणि फॉर्म भरताना त्याच चेकच्या जोरावर सहा लाखांनी श्रीमंत झालेलो.

"आणि या रकमा? एक हजार, एक हजार, एक हजार. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चाळीस वेळा."

"टँकर," मी म्हटलं.

आता हे सांगायला हवं. मी राहतो दिव्याला. आमच्या इमारतीची सोसायटी अजून रजिस्टर झालेली नाही, त्यामुळे सोसायटीच्या नावाने बँकेत खातं निघत नाही. पाणी मात्र रजिस्ट्रेशनसाठी थांबत नाही, ते आधीच येत नाही. टँकरचे पैसे गोळा करायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं, आणि दारोदार फिरायचा कंटाळा म्हणून गाळ्याच्या क्यूआर कोडचा फोटो इमारतीच्या ग्रुपवर टाकला. चाळीस घरं, महिन्याला हजार. वर्षाचे चार लाख ऐंशी हजार. टँकरवाल्याला तिथूनच जायचे. बँकेच्या दृष्टीने मी दिव्यातल्या चाळीस कुटुंबांना पॅनेलचे डबे विकत होतो.

साहेब हसले नाहीत. सगळ्याची बेरीज करून तीस लाखांतून वजा केली. खाली उरले एक लाख चौऱ्याऐंशी हजार.

"हे?"

"बघतो," मी म्हटलं. टाचणीचा एव्हाना तुकडा पडलेला.

घरी येऊन बायकोसमोर स्टेटमेंट पसरलं. तिने भाकरीचं पीठ मळता मळता एक नजर टाकली आणि म्हणाली, "हा माणूस किती वेळा आलाय बघा. सहा हजार, साडेआठ हजार, पाच हजार दोनशे. हा तुमचा भंगारवालाच ना?"

भंगारवालाच. पत्रा कापला की कातरण पडतं. ते ढिगाने साठलं की तो टेम्पो घेऊन येतो, वजन करतो आणि क्यूआरवर पैसे टाकतो. ते पैसे मला कधी धंद्याचे वाटलेच नाहीत. पोरांचा वडापाव, गणपतीची वर्गणी, टेम्पोचं पंक्चर, त्यात ते मुरायचे. सीए साहेब दर वर्षी विचारायचे, "भंगार काही?" मी दर वर्षी म्हणायचो, "किरकोळ." पत्रा विकत घेतल्याचा खर्च पुरता लावायचा आणि त्याच पत्र्याचं कातरण विकलं की ते किरकोळ!

संध्याकाळी मेहुणा आला. त्याला सगळं ऐकवलं. मांडी घालून बसलेला, एकदम गुडघ्यावर आला. "भाऊजी, सोप्पंय! मी लिहून देतो, एक लाख चौऱ्याऐंशी हजार मी तुम्हाला उसने दिले. सही करतो, आधार कार्डाची झेरॉक्स लावतो. उसने पैसे म्हणजे विक्री नाय. विषय एन्ड!"

"अरे, दिले तर नाहीत ना तू," बायको म्हणाली.

"ताई, बँकेला काय कळतंय? तिथे हजारो फाइली पडल्यात."

आणि वही ओढून त्याने पत्र लिहूनही टाकलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पत्राकडे. मेहुण्याचं अक्षर सुंदर आहे, हाच त्या पत्राचा एकमेव गुण. मी ते घडी करून पिशवीत ठेवलं. द्यायचंच असं ठरवलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो. मग पिशवीत ठेवलं कशाला, हे स्वतःला विचारलं नाही.

ठाण्याच्या शाखेत मॅडमसमोर बसलो तेव्हा महिना संपायला नऊ दिवस होते. सीए साहेबांचा तक्ता पुढे केला. त्यांनी एकेक ओळ स्टेटमेंटशी ताडून बघितली. जीएसटी, ठीक. बचत खात्यातले, ठीक. परत आलेला चेक, ठीक. टँकरला त्या थबकल्या. मी टँकरवाल्याच्या पावत्या आणि घरांची यादी दिली. त्यांनी यादीवरची तीन नावं जमेच्या नोंदींशी जुळवली आणि पहिल्यांदा किंचित हसल्या. "पाणी तरी येतं ना?"

"कधी कधी," मी म्हटलं.

"मग उरले एक चौऱ्याऐंशी."

माझा हात पिशवीत गेला. पत्र बोटांत आलं. अर्धं बाहेरही आलं. तेवढ्यात त्यांनी स्टेटमेंटची पानं माझ्याकडे फिरवली. प्रत्येक पानावर पेन्सिलीचे गोल, आणि प्रत्येक गोलात एकच नाव.

"हे एकाच माणसाकडून येतात, सर. सव्वीस वेळा. हे कोण?"

मेहुण्याचं नाव त्या वर्षभराच्या कागदांत एकदाही नव्हतं. बँक जमेसमोर पाठवणाऱ्याचं नाव छापते, हे क्यूआर लावून चार वर्षं धंदा करणाऱ्या माणसाला त्या क्षणी कळलं.

"भंगारवाला," मी म्हटलं.

"कातरणाचे पैसे?"

"हो. रिटर्नमध्ये दाखवलेले नाहीत. सीएंची चूक नाही, मी सांगितलंच नव्हतं."

त्या काहीतरी लिहायला लागल्या. माझा पाय टेबलाखाली असा हलत होता की त्यांच्या पेनस्टँडमधली पेनं वाजत होती.

"तुमच्या हातात ते काय आहे?"

"काही नाही. घरचा कागद." ते खरंच होतं, म्हणजे घरातच लिहिलेला होता.

त्यांनी पेन ठेवलं. "सर, हे बोललात ते बरं झालं. याचं काही दुसरंच सांगितलं असतंत तर फाइल इथेच बंद करावी लागली असती. आता अपडेटेड रिटर्न भरा, भंगाराच्या विक्रीवरचा जीएसटी व्याजासकट भरा आणि दोन्हींची चलनं आणून द्या. मग मी फाइल पुढे पाठवते."

"मग उलाढाल वाढेल ना? कर्ज त्यावर मिळेल?"

"नाही. अर्ज आल्यावर वाढवलेली विक्री मी हिशेबात धरणार नाही. मी आधीच्या बावन्नवरच बघणार."

"म्हणजे भरायचं, पण धरायचं नाही?"

"न भरलं तर बावन्नसुद्धा धरणार नाही," त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन पत्राचे चार तुकडे केले. सीए साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "किरकोळ आहे ना?" तेवढंच. नंतरचे चार दिवस मी त्यांच्या ऑफिसात इतक्या वेळा डोकावलो की त्यांच्या मुलीने सांगितलं, "काका, पोर्टल तुमच्याकडे बघून वेगाने चालत नाही." कर, त्यावर व्याज, त्यावर उशिराचा भुर्दंड आणि जीएसटी वेगळा. वर्षभर वडापावात मुरलेले पैसे एकदम बाहेर काढायचे होते. बायकोने काढून दिले, एक शब्दही न बोलता. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

चलनं दिली. मग वाट. फोन खिशात वाजल्यासारखा वाटायचा, काढला की बंद. महिना संपायला दोन दिवस असताना खरंच वाजला.

"मंजूर झालं, सर. तेरा लाख."

"अठरा मागितलेले, मॅडम."

"अठरा ब्याऐंशीवर मागितले होते."

मी त्यांना थँक्यू म्हटलं आणि तसाच रिक्षा करून वागळे इस्टेटला मशीनवाल्याकडे गेलो. शोरूममध्ये कोटेशनवालं मशीन उभं होतं, दहा फूट पत्रा एका दमात वाकवणारं. मी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. सेल्समन मागे मागे.

"फायनल, साहेब?"

"याच्यापेक्षा आखूड आहे का?" मी विचारलं.

"आठ फुटी आहे. पण मोठे दरवाजे त्यावर बसणार नाहीत."

पॅनेल कंपनीच्या ऑर्डरीत दहातले तीन डबे मोठ्या दरवाज्याचे होते. म्हणजे सात इथे वाकणार, आणि तिनांसाठी टेम्पो चालूच राहणार. मी तिथेच उभं राहून कंपनीच्या परचेसवाल्याला फोन लावला आणि, या वेळी कट न करता, सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "सातांची ऑर्डर काढतो. तिनांचं नंतर बघू."

"आठ फुटी दाखवा," मी सेल्समनला म्हटलं, "आणि बिल जीएसटीसकट."