फोटोतलं वाद्य

कलकत्त्यात एस्प्लनेडजवळच्या एका दुकानात मी फुंकून वाजवायची वाद्यं दुरुस्त करायचो. एकोणीसशे पन्नासच्या आसपासची गोष्ट. एका दुपारी जवळच्या बजबज गावाहून एक मराठी बाई मुलाचा फोटो घेऊन आल्या. त्यांचा तरुण मुलगा आठवडाभर बेपत्ता होता. तिकडे नदीकाठी एक प्रेत सापडलं होतं. चेहरा ओळखू येत नव्हता, पण खांद्यावरच्या पिशवीत क्लॅरिनेट होतं. फोटोत मुलाच्या हातात तेच वाद्य आहे का, हे विचारायला पोलिसांनी त्या माउलीलाच पिटाळलं होतं. मेल्यांना सोबत एक माणूस देता आला नाही!

"भाऊ, माझा मुलगा बासरी वाजवायचा. तेव्हा तो नव्हेच," त्या म्हणाल्या.

फोटोत वाद्य आडवं नव्हतं, तोंडापासून सरळ खाली धरलेलं होतं. बासरी नाही, असं मी सांगितलं.

"मग शाळेत शिकवायचे ते रेकॉर्डर असेल, ती सरळ धरायची विलायती बासरी."

वाद्याचं टोक त्याच्या ओठांत होतं. मी भिंग घेतलं. रेकॉर्डरला ओठांच्या जरा खाली चौकोनी खिडकी कापलेली असते. इथे त्या जागी वेताची पत्ती आवळणारा धातूचा पट्टा होता. अंगभर बोटांनी दाबायच्या चाव्या चमकत होत्या आणि तळ धोतऱ्याच्या फुलासारखा पसरला होता.

"क्लॅरिनेट आहे, बाई."

त्यांनी फोटो पदराने पुसला.

"याला फार दम लागतो का हो?"

"लागतो."

"दमेकरी होता तो. मला म्हणायचा, आई, साधी बासरी आहे, काही त्रास होत नाही."