पुढे जो बसेल

माझ्या मित्राला एकदा, शेवटचं, आपल्या रॅलीच्या गाडीत बसायचं होतं. आम्हा दोघांपैकी तो चालवायचा, मी शेजारी बसून वळणं सांगायचो आणि गाडी बांधली होती सातपूरच्या माझ्या गॅरेजात. त्याच मॉडेलची साधी गाडी त्याची बायको, म्हणजे वहिनी, रोज भाजीला न्यायच्या. बाहेरून दोघी जुळ्या, आतून एकीचं दुसरीशी काही जुळत नाही.

आजाराने त्याच्या पायातला जोर गेला होता. रॅलीच्या गाडीत दाराआड लोखंडी नळ्या आडव्या येतात. गाडी उलटली तरी माणूस चेपू नये म्हणून अख्खा पिंजराच बॉडीला वेल्ड केलेला असतो. आत शिरायचं तर त्या नळीवरून पाय टाकावा लागतो. आम्ही त्याला उचललं, पण गुडघा वर येईना आणि कंबर वळवली की तो कण्हायचा. शेवटी ती नळी कापायला मी ग्राइंडर आणला.

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "पुढे जो बसेल, त्याचं काय?"

मला रागच आला. एवढा आजारी माणूस, त्याला उद्याच्या ड्रायव्हरची काळजी कशाला? वहिनींनी मुकाट्याने आपल्या गाडीचं दार उघडलं आणि उशा लावून त्याला बसवलं.

"भाऊजी, तुम्ही ती काढा. आम्ही मागून येतो."

गंगापूर रोडने धरणाकडे निघालो. गिअर आखूड, त्यामुळे ऐंशीलाच मी शेवटच्या गिअरमध्ये आणि इंजिन बोंबलत होतं. पुढे आमच्या सरावाचा कच्चा रस्ता लागला. चाकं खड्ड्यात पार खाली उतरत होती, लांब शॉकअप धक्का गिळत होते, मला फारसं काही जाणवतच नव्हतं. आरशात पाहिलं तर वहिनी थांबलेल्या. त्यांच्या गाडीचं पोट दगडाला घासलं होतं आणि प्रत्येक हिसका त्याच्या पाठीत गेला होता. मी मागे फिरलो.

"तू जाऊन ये," तो म्हणाला. "मी इथून ऐकतो."

मी एकटाच गेलो. शेजारची सीट रिकामी होती आणि सवयीने मी वळणं मोठ्याने सांगत होतो. परत आलो तेव्हा त्याने काच खाली केली होती.

"ओढ्यात अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय का काढलास?"

"दगड होते रे."

"मग खाली पत्रा कशाला ठोकलाय आपण? ही आपटायलाच बांधलीय. मी गेल्यावर हिला अंगणात झाकून ठेवू नका. चालवणाऱ्याला द्या."

वहिनी इतका वेळ समोर बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, मग माझ्याकडे काय राहणार?"

मी तोंड फिरवलं आणि रडलो.