घरच्यांना कळेल असं

कवळ्या बनवणाऱ्या कारागिराने नोकरी सोडून घराच्या मागच्या खोलीत स्वतःची लॅब थाटली. व्यावसायिकांच्या साइटवर त्याने लिहिलं, ‘कवळी, कॅप, ब्रिज. अचूक काम, वेळेत.’ आठवडाभर एकही दंतवैद्य फिरकला नाही. घरच्या ग्रुपवर त्याने संकोचून एवढंच टाकलं, ‘नोकरी सोडली. आता घरीच असतो.’ लगेच आत्याचा फोन आला. “काढून टाकलं होय रे? रडू नकोस, बाळा.”

बायकोने कपाळावर हात मारला आणि स्वतःच्या फोनवरून ग्रुपवर लिहिलं, ‘ह्यांनी स्वतःची लॅब काढलीय. आपापल्या दंतवैद्याला ह्यांचं नाव सांगा.’

आत्याने दुसऱ्याच दिवशी दंतवैद्याला दम दिला, “कवळी माझ्या भाच्याकडूनच!”

संध्याकाळी तिच्या जबड्याचा ठसा आला. तो हातात धरून कारागीर म्हणाला, “गप्प बसलेली आत्या आज पहिल्यांदाच बघतोय.”