अंगरख्याचे बंद

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर ज्याचा फोटो स्टुडिओ आहे, त्याला सगळे पुसणीस म्हणतात. चिटणीस, फडणीस, तसा हा पुसणीस. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ठेवणाऱ्याचा नेम अचूक होता. चामखीळ पूस, सुरकुती पूस, लग्नाच्या फोटोतून रुसलेली आत्या पूस, हेच त्याचं आयुष्यभराचं काम. पूर्वी निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीने करायचा, डोळ्याला भिंग लावून. आता संगणकावर करतो. आणि हल्ली तर त्याच्याकडे असा प्रोग्राम आहे की काय हवं ते शब्दांत लिहायचं, चित्र तो स्वतःच बदलतो.

"आता मला हातही हलवावा लागत नाही, नुसतं तोंड चालवायचं," असं त्याने मला पहिल्यांदा कौतुकाने सांगितलं, तेव्हा आतून त्याची बायको म्हणाली, "म्हणजे आमच्या घरात नवीन काय झालं?"

माणूस वाईट नाही. कामात हात चांगला, जिभेचा गोड, आणि गिऱ्हाईक खूश झालं की स्वतः लहान मुलासारखा खूश होणारा. त्याचा घात झाला तो या खूश करण्याच्या हौसेनेच.

समोरच्या घरातल्या माई नव्वदीच्या आहेत. त्यांचे वडील जुन्या राजदरबारात सारंगी वाजवत. दरबार गेला, दिवस पालटले, आणि वडिलांचा फोटो उरला तो एकच, म्हातारपणीचा, कुठल्याशा ओळखपत्रासाठी काढलेला. डोकं उघडं, अंगात साधा सदरा. माईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालले होते. "डोळे आहेत तोवर बाबांना दरबारी पोशाखात एकदा बघू दे," एवढंच त्यांचं म्हणणं. थोरल्या मुलाने तो फोटो पुसणीसकडे आणून दिला.

त्या आठवड्यात दुकानात शाळेच्या ओळखपत्रांचा ढीग पडला होता. पुसणीसने घाईत लिहिलं, 'राजदरबारातला भरजरी पोशाख, पगडी, अंगरखा, दुपट्टा.' बस्स. प्रोग्रामने एका दमात जे काढलं ते बघून दुकानातली माणसं वाहवा करायला लागली. त्यांत मीही होते, हे लिहिलं पाहिजे. डोक्यावर नवरदेवासारखा फुगीर फेटा, त्यावर तुरा आणि मोत्यांच्या लडी. अंगात गळ्यापासून खालपर्यंत सोनेरी बटणांचा कोट. खांद्यावरून टिकल्यांचा दुपट्टा. तोंड मात्र सारंगीवाल्या बाबांचंच, तेही पंधरा वर्षांनी तरुण.

थोरल्याने मोठी तसबीर करून दिवाणखान्यात लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगू लागला, "आजोबा दरबारात मानकरी होते. तुरा बघा ना!"

माईंनी तसबिरीजवळ जाऊन डोळे बारीक केले. "बटणं कशी? बाबांच्या अंगरख्याला बंद असायचे. मी बांधायचे ते."

"आई, तू तेव्हा एवढीशी होतीस. फोटोत दिसतंय ना समोर?"

माई पुन्हा तसबिरीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असेल बाई. माझंच काहीतरी."

हे सगळं पुसणीसला कसं कळलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. बँकेला द्यायच्या हयातीच्या दाखल्यासाठी मी फोटो काढायला खाली गेले होते. थोरला आला, त्याला धाकट्या भावासाठी तसबिरीची आणखी एक प्रत हवी होती. बोलता बोलता हसत म्हणाला, "तुमच्या फोटोने एक बरं झालं हो. आईचं किती बिघडलंय ते आम्हाला कळलं. वडिलांचे कपडेसुद्धा आठवत नाहीत. नसलेले बंद बांधत होती म्हणे! आता औषधं, कपाटाच्या किल्ल्या, सगळं माझ्या बायकोने आपल्याकडे घेतलंय."

"आणि माई काय म्हणतात?" पुसणीसने विचारलं.

"काही नाही. हल्ली काही विचारलं की एकच, मला विचारू नका, मला आठवत नाही."

थोरला गेला. पुसणीस मला म्हणाला, "ताई, हनुवटी जरा वर," आणि कॅमेऱ्याचं झाकण न काढताच बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात कुणाला घेतलं नाही. संगणकावर संग्रहालयातली त्या दरबाराची जुनी चित्रं शोधून एकेक मोठं करून बघत बसला. संध्याकाळी त्याच्या बायकोने मला हाक मारून खाली बोलावलं. "बघा हो यांचं. सकाळपासून राजेरजवाडे बघतायत आणि जेवत नाहीयेत."

त्याने मला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. राजाच्या डोक्यावर तुरा होता, शेजारच्या दोन-चार सरदारांच्या होता. खाली, चित्राच्या कडेला, वादक बसले होते. त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यावर तुरा नव्हता, आणि एकाच्याही अंगावर बटण नव्हतं. पांढऱ्या मलमलीचे अंगरखे, आणि काखेखाली बांधलेले बंद.

"तुरा ज्याला दरबाराने दिला त्यानेच लावायचा असायचा," तो म्हणाला. "मी माणसाला न मिळालेला मान चिकटवला, आणि लेकीची आठवण खोटी ठरवली. म्हातारीचं खरं होतं, ताई. मी तिला वेडी ठरवून ठेवलंय."

"मग जा आणि सांग," बायको म्हणाली. "इथे बसून तोंड पाडलंस तर तिकडच्या किल्ल्या परत येणार आहेत का?"

"थोरला फाडून खाईल."

"खाऊ दे. तुझ्या अंगावर मांस आहे कुठे?"

तो गेला, पण एकट्याला धीर होईना म्हणून मला घेऊन गेला. दिवाणखान्यात थोरला आणि सूनबाई बसले होते. माई खिडकीशी, हात मांडीवर ठेवून. पुसणीसने चप्पल काढली, आणि उभ्यानेच बोलून टाकलं. फोटोतला पोशाख चुकीचा आहे. मी नीट लिहिलं नाही, प्रोग्रामने नवरदेव काढला आणि मी तो तसाच दिला. माईंना आठवतं तेच बरोबर आहे.

थोरल्याचा चेहरा उतरला. "अहो, पण सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय मी! आता काय सांगू, आजोबांचा तुरा खोटा? छान दिसतंय ना, असू द्या की."

"दिसायला छान आहे," पुसणीस म्हणाला. "पण हे तुमचे आजोबा नव्हेत."

सूनबाई एवढंच म्हणाली, "मग देण्याआधी हे का नाही बघितलंत?" त्याने मान खाली घातली.

तो माईंच्या पुढ्यात जमिनीवर बसला. "माई, मला सांगाल? बंद कुठे असायचे?"

"मला नको विचारू रे. मला आठवत नाही."

"बरं, सांगू नका. मला बांधून दाखवा." तो उठला आणि दोन्ही हात जरा दूर धरून त्यांच्यासमोर उभा राहिला, शिंप्यापुढे मापाला उभं राहतात तसा.

माई काठी टेकून उठल्या. त्यांनी त्याच्या उजव्या खांद्यावरून हात फिरवत, नसलेलं कापड छातीवरून ओढून त्याच्या डाव्या काखेखाली नेलं. बोटांनी गाठ मारली, सुरगाठ, एक टोक लांब ठेवून. दुसरी गाठ छातीपाशी. "एकट्याला जमत नाही ही काखेतली गाठ," त्या पुटपुटल्या. "सैल राहिली की सारंगीवर गज फिरवताना अंगरखा सुटायचा, बाबा ओरडायचे." मग छातीवर बोटाने गोल काढला. "इथे गळा असा कमानीसारखा कापलेला. आत पडद्याची पट्टी, म्हणजे छाती उघडी दिसत नाही. बाह्या लांब, मनगटावर चुण्या पडलेल्या."

"आणि डोक्यावर? पगडी?"

"पगडी कसली, पागोटं. बसवायची टोपी नव्हे, रोज गुंडाळायचं. पीळ घातलेलं, विटकरी, एका कानावर कललेलं. टोक मागे खोचलेलं. तुराबिरा काही नाही."

"दुपट्टा खांद्यावर?"

"वाजवताना खांद्यावर? सारंगी खांद्याला टेकलेली असते, गजात अडकला असता ना. कमरेला बांधायचे. गाठ पुढे, दोन्ही टोकं खाली."

सूनबाईने थोरल्याकडे बघितलं. थोरला तसबिरीकडे बघत होता.

दुकानात परत येऊन पुसणीस नव्याने लिहायला बसला. नवरदेवाचं चित्र दुरुस्त करायचं नाही, असं त्याने आधीच ठरवलं होतं. दर दुरुस्तीला तोंड थोडं थोडं पालटत जातं, म्हणून ओळखपत्राचा मूळ फोटोच घेतला आणि चेहरा झाकून ठेवला, म्हणजे प्रोग्राम त्याला शिवणार नाही. सुरकुत्या होत्या तशा राहू दिल्या. 'बटणं नकोत' असं लिहून पाहिलं तर प्रोग्रामने हटकून बटणं आणली.

"नवऱ्यासारखंच आहे," बायको म्हणाली, "नको म्हटलेलंच तेवढं ऐकू येतं."

तेव्हा जे नको त्याचं नावच न घेता जे आहे तेच लिहायचं, हे त्याला उमगलं. 'राजेशाही' आणि 'भरजरी' हे शब्द त्याने काढून टाकले. लिहिलं, पांढरी पातळ मलमल, उजवा पदर वर येऊन डावीकडे गेलेला, कापडी बंदांची गाठ. आलेल्या चित्रात गाठ भलत्याच काखेत होती. बघणाऱ्याचं डावं आणि बाबांचं डावं, यात प्रोग्राम गोंधळला होता. मग 'चित्राच्या उजव्या बाजूला' असं लिहिलं तेव्हा गाठ जागेवर आली. पागोटं शेवटपर्यंत फुगत राहिलं. तेवढं त्याने जुन्या सवयीने स्वतःच्या हाताने चापून बसवलं.

तसबिरीखाली त्याने बारीक अक्षरात छापलं, 'चेहरा मूळ फोटोवरून, पोशाख लेकीने सांगितल्याप्रमाणे.' थोरल्याने नवी तसबीर लावली. नातेवाइकांना काय कळवलं ते ठाऊक नाही. किल्ल्या मात्र माईंच्या कमरेला परत आल्या.

पुसणीसला वाटलं होतं की एवढ्याने मनावरचं ओझं उतरेल. तो ती बघायला गेला, तेव्हा माईंनी तसबिरीजवळ जाऊन काखेखालच्या गाठीवर बोट फिरवलं. "असंच होतं," त्या म्हणाल्या. मग थांबल्या, आणि त्याच्याकडे वर बघून विचारलं, "असंच होतं ना रे?"

पूर्वी माईंनी अशी खात्री कुणाकडून करून घेतली नसती. आम्ही सगळे त्यांना ओळखतो, त्यांचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"तुम्ही सांगितलंत म्हणून तसं आहे, माई," पुसणीस म्हणाला. "मी नव्हतो तिथे."

त्यांनी मान हलवली. पण तो दाराशी पोहोचेपर्यंत त्यांनी सूनबाईलाही तेच विचारलं.